९९ टक्के अचूक चाचणी आणि अकरातले दहा खोटे इशारे

प्रश्न: हजारात एखाद्यालाच होणाऱ्या आजाराची तपासणी झाली. मला लक्षणं काहीच नव्हती, सगळ्यांची होत होती म्हणून माझीही झाली. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. चाचणी ९९ टक्के अचूक आहे असं सांगतात. संख्याशास्त्र शिकलेला मित्र म्हणतो, घाबरू नकोस, आजारच दुर्मीळ आहे, त्यामुळे असे बहुतेक रिपोर्ट खोटे निघतात. शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर असणारी चाचणी बहुतेक वेळा खोटी कशी ठरेल? आणि हे खरंच फक्त दुर्मीळपणामुळे होतं का?

उत्तर:

तुमच्या मित्राचं म्हणणं बरोबर आहे, पण ते अर्धंच आहे. आजार नुसता दुर्मीळ आहे म्हणून खोटे इशारे वाढत नाहीत. निरोगी माणसांत चाचणी जितक्या वेळा चुकते, त्यापेक्षाही आजार दुर्मीळ असेल तेव्हा ते वाढतात. म्हणजे पाहायच्या गोष्टी दोन आहेत, त्या एकमेकींशी ताडून पाहायच्या, आणि त्यातलं चाचणीच्या चुकीचं प्रमाण बरंचसं माणसांनी ठरवलेलं असतं. मी नवजात बाळांच्या रक्ताची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. तिथे शोधायचे आजार जवळपास सगळेच दुर्मीळ असतात, त्यामुळे हे गणित आम्हाला रोजच करावं लागतं.

आधी तुमचेच आकडे घेऊ. अशा एक लाख लोकांची तपासणी झाली असं धरा. हजारात एक म्हणजे त्यांतल्या १०० जणांना आजार आहे आणि ९९,९०० जण निरोगी आहेत. '९९ टक्के अचूक' याचा अर्थ सध्या असा घेऊ की, आजारी माणसांपैकी ९९ टक्क्यांना चाचणी पॉझिटिव्ह म्हणते आणि निरोगी माणसांपैकी ९९ टक्क्यांना निगेटिव्ह. मग १०० आजाऱ्यांपैकी ९९ सापडतील, एक सुटेल. ९९,९०० निरोगी लोकांपैकी एक टक्का, म्हणजे ९९९ जण विनाकारण पॉझिटिव्ह येतील. पॉझिटिव्ह रिपोर्ट झाले एकूण १,०९८, आणि त्यांत खरे आजारी ९९. म्हणजे अकरात एक, साधारण ९ टक्के.

आता तुमची खरी अडचण. चाचणी शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर होती हे इथेही खोटं ठरलेलं नाही. एक लाखातले ९९,००० निकाल बरोबर आहेत आणि १,००० चूक. पण त्या चुका कुठे जाऊन पडल्या ते पाहा. निगेटिव्ह रिपोर्टांचा ढीग ९८,९०२ चा, आणि त्यात चूक फक्त एक. पॉझिटिव्ह रिपोर्टांचा ढीग अवघा १,०९८ चा, आणि उरलेल्या ९९९ चुका सगळ्या त्यात. चाचणी बहुतेक वेळा बरोबर असते, पण ज्या छोट्या ढिगात तुमचा रिपोर्ट आहे तिथे ती बहुतेक वेळा चुकलेली असते. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत, कारण पहिलं सगळ्या लोकांबद्दल आहे आणि दुसरं फक्त पॉझिटिव्ह आलेल्यांबद्दल.

मन घसरतं ते इथेच. 'आजार असेल तर रिपोर्ट पॉझिटिव्ह येण्याची शक्यता किती' आणि 'रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर आजार असण्याची शक्यता किती' हे दोन प्रश्न ऐकायला सारखे वाटतात. पहिल्यात आपण फक्त आजारी माणसं मोजतो, दुसऱ्यात सगळे पॉझिटिव्ह. ही गल्लत शिकलेल्या माणसांचीही होते. १९७८ साली हार्वर्ड मेडिकल स्कूलमधल्या ६० जणांना, त्यांत डॉक्टरही होते आणि विद्यार्थीही, जवळपास असाच प्रश्न विचारला होता: आजार हजारात एकाला, खोट्या पॉझिटिव्हचं प्रमाण ५ टक्के, तर पॉझिटिव्ह आलेल्याला आजार असण्याची शक्यता किती? सर्वांत जास्त लोकांनी दिलेलं उत्तर होतं ९५ टक्के. बरोबर उत्तर साधारण २ टक्के. तेव्हा तुम्हाला हे पटत नाही यात नवल काही नाही.

'९९ टक्के अचूक' हे शब्दच मुळात धोक्याचे आहेत, कारण त्यात दोन वेगळे आकडे लपलेले असतात. आजारी माणसं ओळखण्याच्या क्षमतेला आम्ही सेन्सिटिव्हिटी म्हणतो, आणि निरोगी माणसाला निरोगी म्हणण्याच्या क्षमतेला स्पेसिफिसिटी. कधी कधी तर एकूण किती निकाल बरोबर आले एवढंच सांगून मोकळे होतात. हा एकूण आकडा दुर्मीळ आजारात काहीच सांगत नाही. मी रक्ताला हातही न लावता एक लाख लोकांना 'निगेटिव्ह' लिहून दिलं, तरी माझी अचूकता ९९.९ टक्के भरेल, म्हणजे तुमच्या चाचणीपेक्षा जास्त, आणि आजारी माणूस एकही सापडणार नाही.

हे दोन आकडे सुटे केले की कारण नेमकं कुठे आहे ते दिसतं. सेन्सिटिव्हिटी ९९ वरून १०० करा. सुटलेला एक आजारी सापडेल, पॉझिटिव्ह होतील १,०९९ आणि खरे १००. तुमची शक्यता ९ टक्क्यांच्या आसपासच राहते. आता सेन्सिटिव्हिटी ९९ च ठेवून स्पेसिफिसिटी ९९.९ करा. खोटे पॉझिटिव्ह ९९९ वरून १०० वर येतात आणि प्रत्येक दोन पॉझिटिव्हमधला एक खरा निघतो. स्पेसिफिसिटी ९९.९९ झाली, तर खोटे उरतात दहाच, आणि ९९ खऱ्यांपुढे ते किरकोळ आहेत. या तिन्ही वेळा आजार तेवढाच दुर्मीळ होता, हजारात एक. तरी निकालाचा अर्थ ९ टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत सरकला. म्हणून मी म्हणालो की मित्राचं म्हणणं अर्धंच आहे. दुर्मीळपणाने तुम्हाला अडचणीत आणलं खरं, पण ते एक टक्का खोट्या पॉझिटिव्हच्या तुलनेत. आजाराचं प्रमाण आणि खोट्या पॉझिटिव्हचं प्रमाण साधारण सारखं असेल, तर खरे-खोटे निम्मे निम्मे येतात. आजाराचं प्रमाण त्याखाली गेलं की खोटे जास्त, वर गेलं की खरे जास्त. कुठलाही रिपोर्ट समोर आला की मी आधी हेच दोन आकडे शेजारी ठेवतो.

आता खोट्या पॉझिटिव्हचं प्रमाण येतं कुठून? आमच्याकडचं एक उदाहरण जरा सावकाश सांगतो, कारण पुस्तकातल्या गणितात हा भाग नसतो.

जन्मजात अ‍ॅड्रिनल हायपरप्लेसिया नावाचा आजार साधारण पंधरा हजार बाळांत एकाला असतो. अ‍ॅड्रिनल ग्रंथीत कॉर्टिसॉल तयार करायला लागणारं एक एन्झाइम नीट काम करत नाही. त्यामुळे त्याच्या आधीच्या टप्प्यावरचं रसायन रक्तात साचतं. त्याचं नाव १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, आम्ही त्याला १७-ओएचपी म्हणतो. बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब फिल्टर पेपरवर घेतात, ते वाळवतात, आणि त्यात हे रसायन किती आहे ते आम्ही मोजतो. आजाराच्या तीव्र प्रकारात शरीरातलं मीठ टिकत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाळ उलट्या करू लागतं, सोडियम घसरतं आणि वेळेत कळलं नाही तर जीव जातो. मुलींमध्ये जननेंद्रियांच्या वेगळेपणामुळे अनेकदा जन्मतःच शंका येते, पण मुलगे दिसायला अगदी नेहमीसारखे असतात. वेळेत निदान झालं तर औषधं आहेत आणि ती उपयोगी पडतात.

दीड लाख बाळं तपासली तर त्यांत असे दहा रुग्ण असतील. आता १७-ओएचपी ही काही दिव्याच्या बटणासारखी चालू-बंद होणारी गोष्ट नाही. ते प्रत्येक बाळात असतं, कमी-जास्त असतं. किती झालं की 'पॉझिटिव्ह' म्हणायचं ती रेघ, म्हणजे कटऑफ, आम्हाला ठरवावी लागते. रेघ खाली आणली तर एकही आजारी बाळ सुटणार नाही, पण निरोगी बाळं ढिगाने अडकतील. वर नेली तर खोटे इशारे कमी होतील, पण एखादं आजारी बाळ निसटेल. समजा रेघ अशी ठेवली की निरोगी बाळांपैकी फक्त अर्धा टक्का अडकतात. ऐकायला हे ९९.५ टक्के आहे, म्हणजे तुमच्या चाचणीपेक्षा चांगलं. तरी दीड लाखात ७५० बाळांच्या घरी आम्हाला फोन करावा लागेल, आणि त्या ७५० च्या जोडीला खरी आजारी बाळं असतील दहा. पंचाहत्तर खोट्या हाकांमागे एक खरी.

हे चाचणीचं अपयश आहे का? मी तसं मानत नाही. एक बाळ निसटण्याची किंमत मृत्यू आहे. खोट्या हाकेची किंमत म्हणजे आईबापांचे काही दिवसांचे फार जड हाल आणि पुन्हा एकदा रक्त. दोन्ही किमती खऱ्या आहेत, पण सारख्या नाहीत, म्हणून आम्ही रेघ मुद्दाम खालच्या बाजूला ठेवतो. जिथे उपचार नाही किंवा घाई नाही, अशा आजारासाठी मी ती तिथे ठेवणार नाही. म्हणजे खोट्या इशाऱ्यांचा मोठा भाग कोणीतरी समजून-उमजून पत्करलेला असतो. तो का पत्करला, हे नुसता आजाराचा दुर्मीळपणा सांगून समजत नाही.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे. खोटे पॉझिटिव्ह सगळ्या बाळांत सारखे विखुरलेले नसतात. वेळेआधी जन्मलेल्या आणि आजारी, ताणाखाली असलेल्या बाळांत १७-ओएचपी आजाराशिवायही वाढलेलं असतं. शिवाय त्यांच्या रक्तातली इतर काही स्टिरॉइडं नेहमीच्या चाचणीला १७-ओएचपीच भासतात. जन्मानंतर पहिल्या दिवसातच रक्त घेतलं तरी आकडा वर दिसतो. म्हणून बाळाचं वजन किंवा गर्भाचे आठवडे पाहून वेगवेगळे कटऑफ लावतात. यातला मुद्दा तुमच्यासाठीही आहे: 'खोट्या पॉझिटिव्हचं प्रमाण एक टक्का' हा सरासरी आकडा आहे. चाचणी ज्या निरोगी, धडधाकट लोकांवर पारखली, त्यांच्यापेक्षा तुम्ही वेगळे असाल, तुम्हाला दुसरा एखादा आजार असेल किंवा एखादं औषध चालू असेल, तर तुमच्यापुरता तो आकडा वेगळा असू शकतो.

तसंच आजाराच्या प्रमाणाचं. हजारात एक हा आकडा कोणाचा? सगळ्या लोकांचा. तुम्ही लिहिलंय की लक्षणं काही नव्हती आणि सरसकट तपासणी झाली, म्हणून तो तुम्हाला लागू करायला हरकत नाही. पण समजा हाच आजार तुमच्या सख्ख्या भावाला असता, किंवा लक्षणं पाहून डॉक्टरांना आधीच संशय आला असता आणि अशा माणसांत दहातल्या एकाला हा आजार निघत असता. मग एक लाखात आजारी १०,००० आणि निरोगी ९०,०००. खरे पॉझिटिव्ह ९,९००, खोटे ९००. तीच चाचणी, तोच कागद, पण शक्यता ९२ टक्क्यांच्या जवळ. 'दुर्मीळ आजार आहे, रिपोर्ट खोटाच असणार' असं म्हणत लक्षणं असलेला माणूस घरी बसला, तर या गणिताचा त्याने उलटा आणि धोक्याचा वापर केला असं मी म्हणेन.

आणि लक्षणं नसतानासुद्धा ९ टक्के म्हणजे शून्य नव्हे. तपासणीपूर्वी तुमची शक्यता हजारात एक होती, आता ती अकरात एक आहे. चाचणीने ती नव्वद पट वाढवली. म्हणजे चाचणीने काम चोख केलं आहे, फक्त सुरुवात फार खालून झाली होती. या टप्प्यावरच्या पॉझिटिव्हला निदान समजायचं नाही, आणि रद्दीतही टाकायचं नाही. त्याचा अर्थ एवढाच की दुसरी चाचणी करायला हवी अशा लोकांत तुम्ही आलात.

दुसरी चाचणी कोणती, हा प्रश्न मात्र बारकाईने पाहायचा. गणिताने पाहिलं तर त्या १,०९८ जणांची पुन्हा तेवढीच चांगली चाचणी केली, तर ९९ पैकी ९८ खरे पुन्हा पॉझिटिव्ह येतील आणि ९९९ खोट्यांपैकी फक्त दहा. आता शक्यता ९० टक्क्यांवर गेली. पण यात एक गृहीतक आहे: पहिल्यांदा चूक ज्या कारणाने झाली त्याचा दुसऱ्या वेळेशी संबंध नाही. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल, यंत्राने एकदाच काही बिघडवलं असेल, तर तीच चाचणी पुन्हा केल्याने चूक निघून जाते. पण तुमच्या रक्तातच चाचणीला चकवणारं काही असेल, तर तीच चाचणी पुन्हा तेच सांगेल. समजा ९९९ पैकी निम्मे असे चिवट खोटे आहेत. मग दुसऱ्या फेरीत खोटे दहा नव्हे, पाचशेच्या वर राहतात, आणि ९८ खऱ्यांच्या जोडीला ते उभे राहिले की तुमची शक्यता जेमतेम १६ टक्के होते. 'दोनदा पॉझिटिव्ह आला, आता नक्कीच' असं म्हणणाऱ्या माणसाला हा फरक कुणी सांगत नाही.

म्हणून पुष्टीची चाचणी वेगळ्या तत्त्वावर चालणारी हवी. १७-ओएचपीच्या बाबतीत त्याच वाळलेल्या थेंबावर मास स्पेक्ट्रोमेट्री करता येते. ती प्रत्येक स्टिरॉइड वेगळं ओळखते, त्यामुळे सारख्या दिसणाऱ्या रसायनांनी फसत नाही, आणि कॉर्टिसॉलशी असलेलं गुणोत्तरही दाखवते. पहिल्या फेरीत अडकलेली बरीच बाळं इथे सुटतात, आणि त्यांच्या घरी फोन जायची वेळच येत नाही.

एक मर्यादा सांगायलाच हवी, कारण हे गणित नवीन कळलं की माणसं ते सगळीकडे लावत सुटतात. २०२० मध्ये कोविडच्या काळात 'आजार कमी आहे, म्हणजे बहुतेक पॉझिटिव्ह खोटेच असणार' असं खूप जण म्हणत होते. त्यांनी खोट्या पॉझिटिव्हचं प्रमाण एक टक्का किंवा त्याच्या आसपास धरलं होतं. पण हा आकडा तपासून पाहता येतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या घरोघरच्या सर्वेक्षणात त्या उन्हाळ्यात, ३१ जुलै ते १० सप्टेंबर या सहा आठवड्यांत, २,०८,७३० नमुन्यांपैकी १५९ पॉझिटिव्ह आले. एक टक्का खोटे असते तर दोन हजारांहून जास्त पॉझिटिव्ह यायला हवे होते. अगदी सगळेच्या सगळे १५९ खोटे होते असं मानलं, तरी खोट्यांचं प्रमाण ०.०८ टक्क्यांच्या वर जात नाही. खोटे पॉझिटिव्ह एकूण पॉझिटिव्हपेक्षा जास्त असूच शकत नाहीत, हे साधं बंधन आहे, आणि प्रयोगशाळेकडे एकूण किती टक्के पॉझिटिव्ह येतात हे कळलं की ते कोणालाही लावता येतं.

तुमच्याबाबतीतही तेच करून पाहा. एक टक्का खोटे आणि हजारात एक आजारी हे खरं असेल, तर तुमच्याबरोबर तपासलेल्या लोकांत पॉझिटिव्हचं प्रमाण १.१ टक्क्याच्या आसपास असायला हवं. तपासणी करणाऱ्यांना तो आकडा विचारा. तो ०.२ टक्के निघाला, तर चाचणीची स्पेसिफिसिटी ९९ पेक्षा बरीच चांगली आहे आणि तुमचा पॉझिटिव्ह तुमच्या मित्राला वाटतो त्यापेक्षा जास्त गंभीरपणे घ्यायला हवा. ०.२ टक्के म्हणजे लाखात २०० पॉझिटिव्ह, आणि त्यांतले ९९ खरे असतील तर तुमची शक्यता अकरात एक नसून जवळपास दोनात एक आहे. त्याचबरोबर सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी वेगवेगळ्या किती आहेत हे विचारा, आणि पुष्टीसाठी कोणती चाचणी करतात, ती पहिल्याच तत्त्वावर चालते की वेगळ्या, हेही विचारा. घरात कुणाला हा आजार आहे का, एखादं औषध चालू आहे का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा, कारण वर पाहिलं तसं दोन्ही आकडे त्याने हलतात. पुष्टीची चाचणी किती लवकर व्हायला हवी हे आजारावर अवलंबून आहे, त्याचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. नाव आणि पहिल्या चाचणीचा प्रकार कळवलात तर पुढच्या चाचणीबद्दल नेमकं सांगता येईल.